बावीस वर्षांतली पहिली रजा : कारखान्यातील सुपरवायझरने रजेचा अर्ज कोणत्या क्रमाने तयार करावा

रजेचा अर्ज बहुतेक वेळा लिहायला बसण्याआधीच चुकलेला असतो. शिल्लक रजा पाहिलेली नसते, दिवस मोजलेले नसतात, मागे काम कोण पाहणार हे ठरलेले नसते आणि या तिन्ही गोष्टींची उणीव भरून काढण्यासाठी मग अर्जात विनवणी वाढत जाते. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात टाइम ऑफिसचे काम करताना मी असे शेकडो अर्ज पाहिले. त्यांतला एक अर्ज इथे पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत उलगडून दाखवतो, कारण नेहमी होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका त्या एकाच कागदावर होत्या.

अर्जदार प्रेस शॉपमधले पहिल्या पाळीचे सुपरवायझर होते. नोकरीला बावीस वर्षे झाली होती आणि त्या काळात त्यांनी एकही रजा घेतलेली नव्हती. लग्नकार्ये त्यांनी साप्ताहिक सुट्टीला जोडून, पाळी बदलून उरकली होती. आता त्यांच्या पत्नीच्या उजव्या गुडघ्याची सांधेरोपण शस्त्रक्रिया मंगळवार, ११ ऑगस्ट २०२६ ही तारीख धरून ठरली होती आणि मुलगी परगावी असल्यामुळे घरात दुसरे कोणी नव्हते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले आणि चौघडी घातलेला कागद पुढे सरकवून म्हणाले, "भाऊ, एवढं वाचून बघा. मला कधी लिहायची वेळच आली नाही."

कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. त्याची सुरुवात अशी होती : "महोदय, मी गेली बावीस वर्षे कंपनीची इमानेइतबारे सेवा करीत असून आजपर्यंत एकही रजा घेतलेली नाही, तरी नाइलाजास्तव विनंती करावी लागत आहे, त्याबद्दल क्षमा असावी." पुढे पत्नीच्या आजाराचा तीन वर्षांचा इतिहास होता आणि शेवटी "तरी मला पंधरा-वीस दिवस सुट्टी मिळावी" असे वाक्य होते. त्यात तारीख कुठेच नव्हती.

टप्पा १ : शिल्लक रजा कागदावर पाहा

अर्जाला हात लावण्याआधी टाइम ऑफिसमधून आपले लीव्ह कार्ड किंवा रजा नोंदवहीतील आपले पान मागून घ्यावे आणि त्यावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. मनातला आकडा धरून चालू नये. या सुपरवायझरांच्या मनात असा हिशोब होता की वर्षाला साधारण पंधरा दिवस धरले तर बावीस वर्षांचे तीनशे तीस दिवस साठलेले असणार. कार्डावर पंचेचाळीस होते.

हा फरक कसा पडतो ते नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टच्या कलम ७९ प्रमाणे, एका कॅलेंडर वर्षात २४० किंवा अधिक दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा पुढच्या वर्षी मिळत असे. २०२५ मध्ये त्यांचे हजेरीचे दिवस ३०५ होते. त्याला २० ने भागल्यावर सव्वापंधरा येतात, अर्ध्याहून कमी असलेला अपूर्णांक सोडून द्यायचा असतो, म्हणून पंधरा दिवस. न वापरलेली रजा पुढच्या वर्षात नेता येते, पण ती एकूण ३० दिवसांपर्यंतच. म्हणून २०२६ च्या सुरुवातीला त्यांच्या कार्डावर मागील ३० आणि नवीन १५ असे ४५ दिवस होते. बाकीची रजा वर्षानुवर्षे बुडत आली होती.

त्याच कलमात याला एक महत्त्वाचा अपवाद होता आणि तो फार थोड्या लोकांना माहीत असतो. कामगाराने रीतसर अर्ज केला आणि ती रजा नाकारली गेली, तर नाकारलेली रजा कोणत्याही मर्यादेशिवाय पुढे नेता येते. हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले की वडिलांच्या वर्षश्राद्धाला आणि मेहुण्याच्या लग्नाला त्यांनी रजा मागितली होती. दोन्ही वेळा शॉपमध्ये उभ्या उभ्या मागितली होती आणि दोन्ही वेळा "ऑडिट होऊन जाऊ द्या, मग बघू" असे उत्तर मिळाले होते. त्या मागणीचा कागद नव्हता, त्यामुळे नकाराचाही कागद नव्हता आणि नोंदीच्या दृष्टीने त्यांनी रजा कधी मागितलेलीच नव्हती.

कायद्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून फॅक्टरीज ॲक्टच्या जागी अमलात आली आहे. तिच्यात २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आली आहे. दर २० दिवसांमागे एक दिवस, ३० दिवसांची मर्यादा आणि नाकारलेल्या रजेचा अपवाद या गोष्टी कायम आहेत, शिवाय वर्षअखेरीस मागणी केल्यास शिल्लक रजेचे पैसे घेण्याची तरतूदही आहे. मात्र दरमहा १८,००० रुपयांपेक्षा अधिक वेतन घेऊन देखरेखीचे काम करणारी व्यक्ती या संहितेच्या "कामगार" या व्याख्येत बसत नाही. म्हणून सुपरवायझरने आपले नेमणूकपत्र आणि कंपनीचे रजा नियम काढून वाचलेच पाहिजेत, कारण त्याचा हक्क बहुधा तिथूनच येतो. या प्रकरणात कंपनीचे नियम जुन्या कलम ७९ वरच बेतलेले होते आणि नेमणूकपत्रात ते सुपरवायझरनाही लागू केलेले होते.

तपासणी : तुमच्याजवळ आता तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : शिल्लक दिवस, रजेचा प्रकार (भरपगारी, किरकोळ की आजारपणाची) आणि अर्ज किती दिवस आधी द्यावा लागतो तो नियम. फॅक्टरीज ॲक्टमध्ये भरपगारी रजेसाठी ही मुदत किमान १५ दिवसांची होती.

टप्पा २ : तारखा ठरवा आणि दिवस मोजा

"पंधरा-वीस दिवस" ही मागणी मंजूर करता येत नाही, कारण मॅनेजरला ती पाळीच्या तक्त्यावर मांडता येत नाही. पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि कामावर परतण्याचा दिवस अशा तीन तारखा वारासह ठरवाव्यात.

रुग्णालयात १० ऑगस्टला, सोमवारी, दाखल व्हायचे होते. त्यानंतर घरी आणल्यावर पहिले काही दिवस वॉकर धरून चालताना, जिन्यावर आणि न्हाणीघरात सोबत कोणीतरी लागणार होते. पुढे बहीण येणार होती. ती २२ तारखेच्या संध्याकाळी पोहोचत होती. म्हणून रजा सोमवार १० ऑगस्ट ते शनिवार २२ ऑगस्ट अशी ठरली.

हे कॅलेंडरचे तेरा दिवस होतात आणि त्यांनी अर्जात तेराच लिहिले होते. इथे स्वतःचे नुकसान होते. साप्ताहिक आणि सणाच्या सुट्ट्या भरपगारी रजेच्या दिवसांत धरायच्या नसतात, मग त्या रजेच्या मध्ये येवोत की टोकाला. भोसरीत त्यांच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे १३ आणि २० ऑगस्ट वजा झाले. शनिवारी १५ ऑगस्ट होता, तोही वजा झाला. कार्डातून कापायचे दिवस दहाच उरले. परतण्याचा दिवस रविवार २३ ऑगस्ट आला, जो त्यांच्याकडे कामाचा दिवस आहे. भिंतीवरचे कॅलेंडर पाहून "सोमवारपासून येईन" असे लिहिले असते, तर एक दिवस विनापरवाना गैरहजेरी लागली असती.

सावधान : किरकोळ रजेला काही कंपन्यांचे नियम वेगळे असतात आणि मधली सुट्टीही रजेत मोजली जाते. भरपगारी आणि किरकोळ रजा जोडून घ्यायची असेल, तर तसे जोडता येते का, हे आधी टाइम ऑफिसमध्ये विचारावे.

टप्पा ३ : मागे काम कोण पाहणार ते ठरवा

सुपरवायझरच्या अर्जात आणि इतर कामगारांच्या अर्जात खरा फरक या टप्प्याचा आहे, आणि ज्याने कधी रजा घेतलेली नाही त्याला हाच टप्पा सर्वांत जड जातो. बावीस वर्षांत शॉपमधली किती तरी माहिती त्यांच्या डोक्यातच राहिली होती. ती उतरवून काढायला आम्हांला तीन दिवस लागले.

प्रथम माणूस ठरवावा आणि अर्ज लिहिण्याआधी त्याची संमती घ्यावी. त्यांनी दुसऱ्या पाळीच्या सीनियर डाय सेटरचे नाव काढले. मी विचारले, "काका, त्यांना विचारलंत का?" तर म्हणाले, "त्यात विचारायचं काय, तो नाही म्हणणार नाही." विचारल्यावर कळले की त्या सेटरने १७ ऑगस्टला स्वतःच्या मुलाच्या प्रवेशासाठी पाळी बदलून मागितली होती. त्या एका दिवसापुरता तिसऱ्या माणसाचा बंदोबस्त करावा लागला. हे अर्ज दिल्यानंतर उघड झाले असते, तर अर्ज परत आला असता.

त्यानंतर हस्तांतरणाचे टिपण लिहावे. "सर्व काम समजावून सांगितले आहे" हे वाक्य त्यासाठी पुरेसे नाही. टिपण एका पानाचे असावे आणि त्यात तीन प्रकारच्याच गोष्टी असाव्यात : रोज ठरलेल्या वेळी करायचे काम, या तारखांत मुद्दाम येणारे काम आणि जे फक्त तुम्हांलाच ठाऊक आहे ते. तिसऱ्या प्रकारातली त्यांची एक नोंद मी जशीच्या तशी देतो : "डाय क्रमांक १४, ब्रॅकेट. बारा हजार स्ट्रोकच्या पुढे डाव्या भोकाला बर वाढते. गेज अडकेपर्यंत थांबू नये. दर तासाचा नग हातात घेऊन भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवावा, खरखर लागली की टूलरूमला कळवून धार लावून घ्यावी." ही गोष्ट कोणत्याही चेकशीटवर नव्हती. ते रोज पाळी सुरू झाल्यावर तासातासाने त्या प्रेसजवळून जात आणि चालता चालता हा अंगठा फिरवीत. पाहणाऱ्याला ते नुसती फेरी मारताहेत असेच वाटे.

तपासणी : टिपण ज्याला काम सोपवायचे आहे त्याला द्यावे आणि त्याच्याकडून एक दिवस त्यावरूनच पाळी चालवून घ्यावी. तो जे प्रश्न विचारील, तेवढे टिपणात अपुरे आहे असे समजावे. आमच्या सेटरने चार प्रश्न विचारले, त्यांतला एक होता, "पहिला नग पास करायची सही माझी चालेल का?" त्यासाठी क्वालिटी विभागाकडून दहा दिवसांपुरते लेखी अधिकारपत्र घ्यावे लागले.

टप्पा ४ : आता अर्ज लिहा

मागचे तीन टप्पे पूर्ण झाले की अर्ज एका पानात आणि पाव तासात होतो. त्यात क्रम असा ठेवावा : कोण, कशासाठी, कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस, शिल्लक किती, मागे कोण, परत कधी. कारण दोन वाक्यांत सांगावे. पत्नीच्या दुखण्याचा इतिहास, औषधांची नावे आणि खर्चाचा आकडा यांची मंजुरी देणाऱ्याला गरज नसते, आणि तो कागद फाइलमध्ये जाऊन अनेकांच्या नजरेखाली येतो, म्हणून घरातल्या माणसाची ती माहिती त्यात न घालणेच योग्य.

त्यांचा दुरुस्त अर्ज पुढीलप्रमाणे होता.

> दिनांक : १७ जुलै २०२६
>
> प्रति,
> मा. फॅक्टरी मॅनेजर,
> (कंपनीचे नाव व पत्ता)
>
> मार्फत : मा. उत्पादन व्यवस्थापक
>
> विषय : दि. १० ते २२ ऑगस्ट २०२६ या काळात १० दिवसांची भरपगारी रजा मंजूर होण्याबाबत.
>
> महोदय,
>
> मी (नाव), टोकन क्रमांक (क्रमांक), प्रेस शॉपमध्ये पहिल्या पाळीचा सुपरवायझर म्हणून काम करतो. माझ्या पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मंगळवार, दि. ११ ऑगस्ट २०२६ रोजी ठरली आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि त्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत मी तिच्यासोबत असणे आवश्यक आहे.
>
> त्यासाठी मला सोमवार, दि. १० ऑगस्ट ते शनिवार, दि. २२ ऑगस्ट २०२६ या काळात भरपगारी रजा मंजूर करावी, ही विनंती. या काळात दि. १३ व २० ऑगस्ट या साप्ताहिक सुट्ट्या आणि दि. १५ ऑगस्टची राष्ट्रीय सुट्टी येत असल्याने रजेचे दिवस १० होतात. माझ्या लीव्ह कार्डावर आज ४५ दिवसांची भरपगारी रजा शिल्लक आहे.
>
> माझ्या अनुपस्थितीत पहिल्या पाळीचे काम श्री. (नाव), सीनियर डाय सेटर, पाहतील. दि. १७ ऑगस्ट रोजी ते काम श्री. (नाव) पाहतील. दोघांची संमती घेतली असून हस्तांतरणाचे टिपण सोबत जोडले आहे. तातडीच्या प्रसंगी मी रोज सायंकाळी ५ ते ६ या वेळेत फोनवर उपलब्ध असेन.
>
> मी रविवार, दि. २३ ऑगस्ट २०२६ रोजी पहिल्या पाळीत हजर होईन. मंजुरी लेखी कळवावी, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव)
>
> सोबत : १. रुग्णालयाचे दाखल होण्याच्या तारखेचे पत्र २. हस्तांतरणाचे टिपण

हा अर्ज वाचून त्यांनी एकच हरकत घेतली : "यात बावीस वर्षांचं काहीच नाही." ते वाक्य काढण्यास मीच सांगितले होते आणि त्याचे कारणही त्यांना सांगितले. आजवर रजा घेतली नाही म्हणून आता द्यावी, असा युक्तिवाद केला की हक्काची रजा उपकार म्हणून मागितल्यासारखी होते आणि पुढच्या वेळी मागायला तेवढे कारण उरत नाही. त्यांच्या कार्डावरचे ४५ दिवस हे त्या वर्षांचेच दिवस होते. तो आकडा अर्जात आलेला होता. "क्षमा असावी" आणि "नाइलाजास्तव" हे शब्दही याच कारणाने काढले.

सावधान : फोनवर उपलब्ध राहण्याची वेळ लिहायची असेल तर ती मर्यादित लिहावी. "केव्हाही फोन करावा" असे त्यांच्या पहिल्या मसुद्यात होते. शस्त्रक्रियेच्या दिवशी प्रेस बंद पडल्याचा फोन येऊ द्यायचा नसेल तर हे वाक्य लिहू नये.

टप्पा ५ : अर्ज द्या आणि पोच घ्या

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक द्यावी आणि दुसरीवर तारखेसह पोच म्हणून सही किंवा आवक शिक्का घ्यावा. ऑनलाइन पोर्टलवर किंवा ईमेलने अर्ज द्यायची पद्धत असेल तर सादर केल्याच्या नोंदीचा स्क्रीनशॉट ठेवावा. व्हॉट्सॲपवर साहेबांना निरोप टाकून त्यांनी अंगठा दाखवला, एवढ्यावर कोणी रजेवर जाऊ नये.

त्यांना पोच मागण्याचा फार संकोच वाटत होता. इतक्या वर्षांच्या ओळखीत ते अविश्वास दाखवल्यासारखे होईल, असे ते म्हणाले. मी त्यांना मालाच्या चलनाची आठवण करून दिली. त्यांच्या शॉपमधून एक पेटीदेखील चलनावर सही झाल्याशिवाय स्टोअरमध्ये जात नव्हती आणि त्यात कोणाला अविश्वास वाटत नव्हता. १७ जुलैला त्यांनी प्रत पुढे केली आणि सही मिळाली.

टप्पा ६ : उत्तराची वाट पाहताना

अर्ज दिला म्हणजे रजा मंजूर झाली असे होत नाही. आठ दिवसांत उत्तर आले नाही तर पहिल्या अर्जाच्या तारखेचा उल्लेख करून दोन ओळींचे स्मरणपत्र द्यावे आणि त्याचीही पोच घ्यावी. तारखा बदलण्यास सांगितले गेले तर बदललेल्या तारखांचा नवा अर्ज करावा, जुन्या अर्जावर खाडाखोड करू नये. नकार मिळाला तर तो लेखी मागावा. पहिल्या टप्प्यातला अपवाद आठवा, त्या कागदामुळेच ती रजा बुडण्यापासून वाचते.

या प्रकरणात उत्पादन व्यवस्थापकांनी तोंडी विचारले की रजा १८ तारखेपर्यंत आटोपती घेता येईल का, कारण २० तारखेच्या आसपास ग्राहकाचे निरीक्षण होते. त्यांची जुनी सवय "बघतो साहेब" म्हणण्याची होती. यावेळी त्यांनी टिपणातील निरीक्षणाचा भाग दाखवला, जिथे कोणत्या फाइल कोणत्या कपाटात आहेत आणि कोण सोबत उभे राहील हे लिहिलेले होते. २५ जुलैला मंजुरीची सही झाली.

टप्पा ७ : रजा वाढवावी लागली तर, आणि परतल्यावर

रजा संपण्याच्या आधीच, मंजूर तारखा आणि वाढीव तारखा दोन्ही लिहून मुदतवाढीचा अर्ज पाठवावा आणि त्याला डॉक्टरांचे पत्र जोडावे. परत आल्यावर समजावून सांगू, असे म्हणून थांबलेल्यांच्या हजेरीपटावर गैरहजेरी लागते आणि ती मागाहून पुसून घेणे कठीण जाते.

परतल्यावर पहिल्या दिवशी हजर झाल्याची लेखी नोंद द्यावी, टिपणाप्रमाणे काम परत ताब्यात घ्यावे आणि पुढच्या पगारपत्रकात रजेचे दिवस व पगार बरोबर लागले आहेत का ते पाहावे. रजेच्या पगारात ओव्हरटाइम धरलेला नसतो, म्हणून रक्कम थोडी कमी दिसली तर तक्रार करण्याआधी तेवढे तपासावे.

२३ ऑगस्टला पाळी सुटल्यावर ते खिडकीशी आले आणि लीव्ह कार्ड मागितले. "उपभोगलेली रजा" या रकान्यात त्यांच्या नावापुढे बावीस वर्षे आडव्या रेघाच होत्या. त्यांखाली निळ्या शाईत १० आणि शेजारच्या रकान्यात ३५ लिहिलेले त्यांनी वाचले, सही केली आणि विचारले, "डिसेंबरअखेर यातले तीसच पुढे जाणार ना? मग उरलेल्या पाचांचा अर्ज कधीपर्यंत देऊ?"